ट्रस्टमधला पीएफ बुडेल म्हणून घाबरलात, आणि पैसे भलत्याच ठिकाणी टाकलेत

*"माझं वय ३८. पिंपरी-चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी. बेसिक आणि डीए मिळून ६० हजार. आमचा पीएफ सरकारकडे नाही, कंपनीच्या ट्रस्टकडे आहे. शिल्लक २२ लाख. सव्वाआठ टक्क्यांनी हेच पैसे निवृत्तीपर्यंत कोटीच्या वर जातील असा माझा हिशेब होता. पण ट्रस्टच्या २०० कोटींपैकी ४ कोटी एका कंपनीच्या बाँडमध्ये अडकल्याची नोटीस लागली. मित्र म्हणतात, घरदुरुस्ती दाखवून मिळेल तेवढा ॲडव्हान्स काढून घे. सक्तीच्या वर्गणीवर स्वेच्छेने भरत होतो तो महिन्याचा साडेबारा हजारांचा व्हीपीएफ मी तूर्त बंद केला आणि तेच पैसे बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या गॅरंटीड पॉलिसीत वळवले. वर्षाला दीड लाख, १० वर्षं, २० वर्षांनी ३१ लाख नक्की. कागद मागच्या आठवड्यात घरी आले. माझा प्रश्न असा की पीएफ ट्रस्टमधून काढून सरकारी पीएफमध्ये नेता येईल का?"*

नाही, नोकरीत असताना एकट्याला नेता येत नाही. पीएफ स्वतःच्या ट्रस्टमध्ये चालवायची सूट कायद्याने कंपनीला मिळते आणि ती सोडायचीही कंपनीनेच असते. तुम्ही नोकरी बदललीत, तर मात्र सगळी शिल्लक नव्या ठिकाणच्या खात्यात वर्ग करता येते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण तुमच्या पत्रात सर्वांत घाईचं वाक्य "कागद मागच्या आठवड्यात घरी आले" हे आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी हप्ता परत मिळतो. म्हणून हे उत्तर मी तुम्हाला आधी मेलने पाठवलं आणि छापायला नंतर दिलं. अर्ज विमा कंपनीकडे लेखी करा आणि पोच घ्या. बँकेतल्या मॅडमना तोंडी सांगून भागणार नाही. "थोडं थांबा, आमचे साहेब बोलतील" असं त्या म्हणतील, आणि त्यात तुमचे दिवस जातील. मुदत टळली की पहिल्या हप्त्याचा मोठा भाग गमवावा लागेल.

ही पॉलिसी मोडायला मी का सांगतोय, ते आकड्यांत बघा. तुम्ही १५ लाख भरणार आणि ३१ लाख घेणार. दुप्पट ऐकायला भरघोस वाटतं, पण पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून राहतात. व्याजाच्या भाषेत हे वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतं. तेच दीड लाख दहा वर्षं व्हीपीएफमध्ये गेले आणि सव्वाआठ टक्के मिळत राहिले, तर विसाव्या वर्षी साडेबावन्न लाख होतात. सव्वाआठ वीस वर्षं टिकेल यावर मात्र माझा मुळीच विश्वास नाही. म्हणून ७ टक्के धरतो. तरीही साडेत्रेचाळीस लाख होतात. म्हणजे तुमच्या व्हीपीएफमधला चौथ्या भागाहून जास्त पैसा कायमचा बुडाला, आणि तो कोणीही भरून दिला नाही, तरच ही पॉलिसी बरोबरीला येते. नोटिशीत अडकलेली रक्कम आहे २ टक्के. ३८ वर्षांच्या, महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या माणसाला हे उत्पादन "सुरक्षित" म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गॅरंटी खरी आहे, पण ती पावणेपाच टक्क्यांची आहे, आणि हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला नाही.

आता ट्रस्टकडे वळू. तुमची भीती समजण्यासारखी आहे, कारण नोटिशीत अर्धीच गोष्ट लिहिली आहे.

कंपनीला पीएफ स्वतः चालवायची सूट मिळते ती अटींवर. त्यातल्या दोन अटी तुमच्या कामाच्या. ट्रस्टने जाहीर केलेलं व्याज ईपीएफओच्या, म्हणजे सरकारी पीएफ चालवणाऱ्या संस्थेच्या, दरापेक्षा कमी असता कामा नये, आणि कमी पडलं तर फरक कंपनीने भरायचा. दुसरी अट अशी की चोरी, अफरातफर, चुकीची गुंतवणूक किंवा आणखी कशानेही ट्रस्टचं नुकसान झालं, तर तेही कंपनीनेच भरून द्यायचं. खड्डा सभासदांत वाटून घेण्याची सोय नियमांत नाही.

तुमच्या ट्रस्टचा हिशेब मांडू. २०० कोटींवर सव्वाआठ टक्के म्हणजे साडेसोळा कोटी व्याज सभासदांच्या खात्यांत जमा व्हायला हवं. अडकलेले ४ कोटी सोडून उरलेल्या १९६ कोटींवर समजा पावणेआठ टक्के मिळाले, तर हाती येतात सव्वापंधरा कोटींच्या आत. व्याजात तूट सव्वा ते दीड कोटींची. बाँडमधून एक पैसाही सुटला नाही असं धरलं, तर मुद्दलाचे ४ कोटी. एकूण साडेपाच कोटी, आणि ते कंपनीच्या खिशातून. नुकसान सभासदांवर वाटलं गेलं असतं तर तुमच्या २२ लाखांतले ४४ हजार गेले असते. कायद्याने तुमच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही. तुमचा व्हीपीएफही त्याच खात्यात जमा होतो, त्यामुळे त्यालाही हेच संरक्षण आहे.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीने देणी थकवली, तेव्हा तिच्या रोख्यांना काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ट्रिपल ए मानांकन होतं. पीएफ ट्रस्टना सरकारने गुंतवणुकीचा साचा घालून दिलेला असतो आणि त्यात असे उच्च मानांकनाचे रोखे चालतात. त्यामुळे अनेक ट्रस्ट त्यात सापडले. पुष्कळ कंपन्यांना त्या तुटीसाठी आपल्या ताळेबंदात तरतूद करावी लागली.

त्यात ईपीएफओचेही सुमारे ५७५ कोटी होते. म्हणून "सरकारी म्हणजे बुडतच नाही" हेही डोक्यातून काढा. तिथे निधी लाखो कोटींचा असल्याने तेवढा धक्का कोणाला जाणवला नाही. पण तिथला व्याजदर आधीपासून ठरलेला नसतो. वर्षाच्या कमाईतून तो जाहीर होतो. २०२०-२१ ला साडेआठ होता, २०२१-२२ ला ८.१ वर आला. तिथे कमाई घटली की सगळे सभासद मिळून सोसतात, कमी दराच्या रूपाने. ट्रस्टला त्याच दराची बरोबरी करायची असल्यामुळे दर घसरण्याची झळ तुम्हालाही तेवढीच बसणार. म्हणून २२ लाखांचे कोटीच्या वर धरू नका, ७ टक्क्यांनी ८५ लाख धरा.

मग ट्रस्टमध्ये जास्तीचा धोका कोणता? तुमची कंपनी. खड्डा भरण्याचा शब्द तिचा आहे आणि तो तिच्या ऐपतीइतकाच भक्कम. पगार, ग्रॅच्युइटी आणि पीएफची हमी, तिन्ही एकाच दारात आहेत. कंपनी वर्षाला ३० कोटी नफा कमावत असेल, तर साडेपाच कोटी तिला बोचतील, पण ती भरेल. ती स्वतःच तोट्यात असेल, तर हाच आकडा जड जातो. म्हणूनच सलग तीन आर्थिक वर्षं तोटा झाला किंवा भांडवल झिजलं, तर सूट काढून घ्यावी अशी अट आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी कामगारांच्या पीएफची देणी अवसायनाच्या, म्हणजे विकून कर्जं फेडायच्या, मालमत्तेत धरली जात नाहीत, त्यामुळे बँका त्यावर आधी हात मारू शकत नाहीत. हक्क शाबूत राहतो, पण पैसे हातात यायला वर्षं जाऊ शकतात.

तेव्हा तुम्हाला शोधायचंय ते कंपनीच्या तब्येतीबद्दल. वार्षिक अहवालात कर्मचारी लाभांची टीप असते. तिथे पीएफ ट्रस्टची मालमत्ता किती, देणं किती आणि तूट किती हे बघा. शेजारच्या पानांवर तीन वर्षांचा नफा-तोटा मिळेल. ट्रस्टच्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींइतकेच असतात. त्यांना गाठून विचारा की दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ट्रस्टकडे येते का, आणि मागच्या वर्षीचं व्याज खात्यात पडलं का. वर्गणी उशिरा येऊ लागणं हे बुडालेल्या बाँडपेक्षा वाईट लक्षण आहे, कारण त्याचा अर्थ कंपनीकडे रोकड नाही. ईपीएफओच्या पासबुकात ट्रस्टमधली शिल्लक दिसत नाही, त्याने दचकू नका. ट्रस्टकडून दरवर्षीची स्लिप मागून घ्या आणि जपून ठेवा. पेन्शनचे महिन्याचे १,२५० रुपये मात्र आधीपासूनच ईपीएफओकडे जातात, त्यांचा ट्रस्टशी संबंध नाही.

घरदुरुस्तीचं खोटं कारण दाखवून ॲडव्हान्स काढू नका. खोटं पकडलं गेलं तर रक्कम दंडासह वसूल होऊ शकते, आणि मिळालेले पैसे तुम्ही पुन्हा अशाच एखाद्या पॉलिसीत घालाल अशी मला रास्त शंका आहे.

कंपनी नफ्यात असेल आणि वर्गणी वेळेवर जात असेल, तर व्हीपीएफ पुन्हा सुरू करा. तुमची सक्तीची वर्गणी वर्षाला ८६ हजार, वर दीड लाख, मिळून २ लाख ३६ हजार. अडीच लाखांच्या आत असल्याने व्याजावर कर नाही. बऱ्याच कंपन्या व्हीपीएफ वर्षातून एकदाच बदलू देतात, पगार विभागात तारीख विचारून घ्या.

कंपनीबद्दल मनात खरंच धाकधूक असेल, तर व्हीपीएफ बंदच राहू द्या आणि तेच दीड लाख पीपीएफमध्ये भरा. वर्षाची मर्यादाही नेमकी तेवढीच आहे. हमी थेट सरकारची, आजचा दर ७.१ टक्के. पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घ्या आणि पहिल्या दहा वर्षांनंतर खातं चालू राहण्यापुरते दरवर्षी ५०० रुपये टाका. हा दर टिकला तर विसाव्या वर्षी ४४ लाख. सर्वांत भित्र्या माणसालाही पॉलिसीपेक्षा १३ लाख जास्त देणारी ही जागा बँकेतल्या त्याच काउंटरवर उपलब्ध होती.

घरच्यांसाठी विमा हवा असेल तर एक कोटीचा साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या. पण त्याआधी, आजच, फ्री-लूकचा अर्ज.