रात्री साडेनऊचा मेसेज

प्रश्न: नोकरी सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास करतोय. दर वेळी वेळापत्रक आठवडाभरात कोलमडते. रोज मेसेज करून हिशेब देण्यासाठी अभ्यासाचा जोडीदार ठेवला तर फरक पडतो का? मेसेजमध्ये नेमके काय लिहायचे?

उत्तर: फरक पडतो, मात्र किती पडेल, हे मेसेज कसा लिहिला आहे यावर ठरते. राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई बँकेच्या परीक्षेची तयारी करत होत्या आणि मी दुपारी शिकवण्या घेऊन राज्यसेवेची. परीक्षा वेगवेगळ्या असल्यामुळे आमच्यात गुणांची तुलना कधी झाली नाही, आणि म्हणूनच एकमेकींना खरे सांगणे सोपे गेले. जिवलग मैत्रिणीपेक्षा अशी थोड्या अंतरावरची व्यक्ती या कामाला अधिक चांगली, असे माझे मत आहे, कारण जिवलग माणूस लगेच ‘जाऊ दे, उद्या कर’ म्हणून मोकळे होते.

पहिले पंधरा दिवस आम्ही ‘आज राज्यघटना करणार’ आणि रात्री ‘झाली’ एवढेच लिहीत होतो. त्याचा काहीही उपयोग झाला नाही, कारण ‘झाली’ या शब्दात एक पान वाचलेलेही बसते आणि पन्नास पानेही बसतात. मग आम्ही ठरवले की सकाळी सातच्या आत तीनच कामे लिहायची, प्रत्येक काम मोजता येईल असे, आणि रात्री साडेनऊला त्याच तीन कामांचा त्याच क्रमाने हिशेब द्यायचा. माझा एका दिवसाचा सकाळचा मेसेज असा होता: ‘कलम १२ ते ३५ वाचून टिपणे. मूलभूत हक्कांवरचे जुन्या प्रश्नपत्रिकांतले २५ प्रश्न. अंकगणिताची ४० उदाहरणे.’ रात्रीचा असा: ‘टिपणे कलम २८ पर्यंत. प्रश्न २५ पैकी २५ सोडवले, १६ बरोबर. उदाहरणे ४० पैकी ११, झोप आली.’

शेवटचे ते दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे ठरले. जे राहिले त्यापुढे कारण दोन-तीन शब्दांत लिहायचे, त्यावर त्या रात्री चर्चा करायची नाही आणि रविवारी आठवड्याचे सगळे मेसेज एकत्र वाचायचे, असा आमचा नियम होता. तिसऱ्या रविवारी ताईंनी मला विचारले, “तुझे अंकगणित सोमवार, बुधवार आणि शुक्रवारीच का राहते?” मी तोपर्यंत समजत होते की मला गणिताचा कंटाळा आहे. प्रत्यक्षात त्याच तीन दिवशी माझ्या शिकवण्या सायंकाळी सातपर्यंत लांबत आणि गणित मी रात्रीसाठी ठेवलेले असे. आम्ही ते पहाटे सहाला आणले, उदाहरणे ४० वरून २० केली आणि पुढच्या आठवड्यात ती सहाही दिवस पूर्ण झाली. चूक वेळापत्रकात होती, आणि मेसेज एका जागी साठले नसते तर ती मला कधीच दिसली नसती.

राहिलेले काम दुसऱ्या दिवशीच्या तीन कामांवर चढवू नका. मी तसे केले तेव्हा चार दिवसांत यादी नऊ कामांची झाली आणि पाचव्या दिवशी मी मेसेजच पाठवला नाही. राहिलेल्यांपैकी एकच काम पुढे न्यावे, तेही उद्याच्या तीनपैकी एक म्हणून. बाकीची रविवारच्या यादीत टाकावीत.

ही पद्धत ढिली पडू लागली की काही खुणा दिसतात. सकाळचा मेसेज दहानंतर येऊ लागतो, म्हणजे काम सुरू झाल्यावर योजना लिहिली जाते. आकडे जाऊन ‘बऱ्यापैकी’, ‘जवळजवळ’ असे शब्द येतात. रोज सगळेच पूर्ण दिसू लागले तर तेही तपासावे. एकदा मी न सोडवलेले प्रश्न सोडवले म्हणून लिहिले होते आणि दुसऱ्या दिवशी ताईंना ते सांगताना मला फार जड गेले. त्यानंतर आम्ही सोडवलेल्या पानाचा फोटो जोडू लागलो. रात्री दहापर्यंत मेसेज आला नाही तर दुसरीने एकदा फोन करायचा, एवढाच पाठपुरावा ठेवला. दिवसाला दोनच मेसेज आणि मध्ये गप्पा नाहीत, हे मात्र कडकपणे पाळावे लागते, नाहीतर जोडीदारामुळेच तासभर जातो.

जे समजलेले नाही ते या मेसेजने समजत नाही. त्या २५ प्रश्नांत माझे ९ चुकले होते. ते का चुकले हे मला अभ्यासिकेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे बसूनच कळले. तुमची नोकरी असल्यामुळे सुरुवातीला तीनऐवजी दोनच कामे लिहा आणि पहिल्या दोन रविवारी फक्त एवढेच पाहा की कोणते काम कोणत्या वारी राहते.