‘रद्द’ लिहिण्याआधी थांबा

भारतीय संविदा अधिनियमावरच्या तुमच्या मराठी उत्तरात व्हॉइड आणि व्हॉइडेबल या दोन्ही इंग्रजी संज्ञांसाठी ‘रद्द’ आलाय. सुरुवातीला बहुतेकांचं इथेच अडतं. ‘रद्द’ म्हणजे आधी चालू असलेलं मोडलं. व्हॉइड करार कायद्याने अंमलात आणताच येत नाही. त्याला ‘शून्य’ लिहा. व्हॉइडेबल करार एका पक्षाच्या इच्छेवर टिकतो किंवा मोडतो, तो ‘शून्यकरणीय’.

उदाहरण घ्या. अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागांच्या विक्रीचा करार सतरा वर्षांच्या मालकाने केला, तर तो शून्य. मोहरीबीबी खटल्यापासून (1903) हेच धरलं जातं. मालक सज्ञान, पण धमकावून सही घेतली, तर कलम 19 प्रमाणे शून्यकरणीय: त्याने करार मोडला नाही, तर तो चालूच राहतो. दोन्हीकडे ‘रद्द’ लिहिलंत तर हा फरकच पुसला जातो.

आत्ता एवढंच पाळा:
- अ‍ॅग्रीमेंट म्हणजे करार, कॉन्ट्रॅक्ट म्हणजे संविदा. कायद्याने अंमलात आणता येतो तोच करार संविदा ठरतो, म्हणून अदलाबदल नको.
- पहिल्यांदा मराठी शब्दाशेजारी कंसात मूळ संज्ञा द्या. पुढे तोच मराठी शब्द शेवटपर्यंत. भाषा सजवायला मध्येच ‘निरर्थक’ आणू नका, परीक्षकाला ती तिसरी संज्ञा वाटते.

शून्य करारात मिळालेला फायदा परत करण्याबद्दलचं कलम 65 नंतर बघू.