पट्ट्यांत भाव नसतो

म्हापशाच्या दुकानात काउंटरवर बसणार आहेस, तर एक गोष्ट आधी समजून घे. पाकिटावरच्या बारकोडच्या पट्ट्यांत किंमत नसते, असतो तो बहुतेकदा १३ आकडी नंबर. स्कॅनरचा लाल उजेड पांढऱ्यावरून परततो आणि काळ्यात जिरतो. त्यावरून स्कॅनर पट्ट्यांची रुंदी ताडून नंबर काढतो. भाव येतो कॉम्प्युटरमधल्या यादीतून. म्हणून कोकम आगळाच्या बाटलीवर एमआरपी ८५ आणि बिलात ९० दिसले, तर स्कॅनर पुसत बसू नकोस, यादीतला भाव बदलून घे. छापील किमतीहून जास्त घ्यायचे नाहीत.

शेवटचा आकडा पडताळणीचा. आधीच्या बारांतला दुसरा, चौथा असा एकाआड एक आकडा तिप्पट करून सगळ्यांची बेरीज करायची. त्यात शेवटचा आकडा मिळवला की दहाची पट यायला हवी. नाही आली तर बीप होत नाही. त्यामुळे ओलं, चुरगळलेलं लेबल सहसा चुकीचा माल दाखवत नाही, गप्प राहतं. तेव्हा खालचा नंबर हाताने टाक.

घरगुती मसाल्यावर मात्र लाल पट्ट्या छापू देऊ नकोस. लाल उजेडात त्या पांढऱ्यासारख्याच दिसतात, आणि स्कॅनरला काहीच सापडत नाही.