शेअर वर गेला, तरी कॉल पडला

"ताई, नमस्कार. ऑप्शनमधला हा माझा पहिलाच ट्रेड, आणि त्यात हात पोळले. १६ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी एका आयटी कंपनीचा १,५५० चा कॉल ३० रुपयांना घेतला. एक लॉट, ४०० शेअरचा. शेअर तेव्हा १,५०० वर होता आणि बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल येणार होते. निकाल चांगले लागले. दुसऱ्या दिवशी शेअर १,५३० ला उघडला, पण माझा कॉल १८ ला! स्वस्त मिळतोय म्हणून तिथेच आणखी एक लॉट घेतला. शेवटी २४ तारखेला दोन्ही लॉट साडेपाच रुपयांना विकून मोकळा झालो. तेव्हाही शेअर १,५२५ होता, म्हणजे मी घेतला त्यापेक्षा वरच. एकूण १४,८०० रुपये गेले. अंदाज बरोबर असून तोटा कसा झाला? स्टॉप लॉस लावला असता तर वाचलो असतो का? ऑपरेटरचा खेळ असतो म्हणतात, तसं काही असेल का? एकदा ट्रेड तपासून सांगाल का?"

पत्र लिहिणारा कोल्हापूरचा, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेला मुलगा. माझ्याकडे अशी पत्रं तिमाही निकालांच्या हंगामात हमखास येतात. कंपनी बदलते, आकडे बदलतात, प्रश्न तोच असतो. याचं पत्र मात्र कामाचं होतं, कारण त्याने सोबत काँट्रॅक्ट नोट आणि खरेदीच्या आधी काढलेला ऑप्शन चेनचा स्क्रीनशॉट जोडला होता. बहुतेक जण फक्त शेवटचा तोटा कळवतात, आणि नुसत्या तोट्याच्या आकड्यावरून काहीही तपासता येत नाही.

फोनवर बोलायला बसलो तेव्हा मी त्याला तो स्क्रीनशॉट उघडायला लावला. "१,५५० च्या ओळीत तू काय पाहिलंस?" "भाव. ३० रुपये." "त्याच ओळीत आयव्ही लिहिलेला एक रकाना आहे, त्यात काय दिसतंय?" थोडा वेळ शांतता. "४५."

सगळी गोष्ट त्या ४५ मध्ये होती. आयव्ही म्हणजे, पुढच्या काळात शेअर किती हलेल असं बाजार धरून चालला आहे, त्याचा प्रीमियममधून, म्हणजे ऑप्शनच्या भावातून, निघणारा वार्षिक टक्क्यांतला आकडा. शेअर वर जाईल की खाली, याबद्दल तो काही सांगत नाही, फक्त किती हलेल एवढंच. निकालाच्या दिवशी सगळ्यांनाच माहीत असतं की उद्या धक्का बसणार. म्हणून कॉल आणि पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा आणि विकण्याचा हक्क, दोन्ही महाग होतात. निकाल लागला की अनिश्चितता संपते आणि हा महागपणा एका रात्रीत उतरतो. दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा जो भाव असतो तो दुसऱ्या दिवशी नसतो. फूल तेच असतं, पण घाई संपलेली असते.

"पण ४५ जास्त आहे हे मला कसं कळणार?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. सगळ्यात सोपी तुलना पुढच्या महिन्याच्या त्याच स्ट्राइकशी, म्हणजे त्याच ठरलेल्या भावाच्या कॉलशी. त्या दिवशी २५ नोव्हेंबरच्या एक्सपायरीचा १,५५० चा कॉल साधारण ४६ रुपयांना होता आणि त्याचा आयव्ही ३२ च्या आसपास निघत होता. शेअर एकच, स्ट्राइक एकच, मग जवळच्या एक्सपायरीला ४५ आणि लांबच्या एक्सपायरीला ३२ का? कारण निकालाचा एक दिवस दोन्हींत आहे, पण जवळच्या एक्सपायरीत तो बारा दिवसांत वाटला जातो आणि लांबच्या एक्सपायरीत चाळीस दिवसांत. दोन्हींत इतकी तफावत दिसली की समजायचं, या प्रीमियममध्ये मोठा वाटा उद्याच्या घटनेचा आहे, आणि तो उद्याच जाणार आहे.

मग आम्ही ३० चे १८ कसे झाले ते कागदावर मांडलं. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. शेअर ३० रुपये वाढला. १,५५० च्या कॉलचा डेल्टा, म्हणजे शेअर एक रुपया हलला की कॉल किती हलतो तो आकडा, सुरुवातीला ०.३७ च्या जवळ होता आणि शेअर चढताना तोही थोडा वाढला. म्हणजे शेअरच्या वाढीने कॉलला साधारण १२ रुपये दिले. हा त्याच्या बरोबर ठरलेल्या अंदाजाचा मोबदला, आणि तो त्याला पूर्ण मिळाला होता. एक दिवस उलटला त्याचे सुमारे २ रुपये गेले. आणि आयव्ही ४५ वरून २४ वर आला. या कॉलमध्ये आयव्हीचा एकेक टक्का साधारण एका रुपयाचा होता, म्हणजे तिथे २२ च्या आसपास गेले. ३० अधिक १२, वजा २, वजा २२. बरोबर १८.

ही बेरीज-वजाबाकी त्याने स्वतः पुन्हा करून पाहिली. ऑपरेटरचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही.

आता स्टॉप लॉस. इथे पुष्कळ नवख्यांचा गैरसमज असतो, म्हणून जरा थांबून सांगते. समजा त्याने २२ चा स्टॉप लॉस लावला असता. पहिली गोष्ट, नेहमीची डे ऑर्डर त्या दिवशी बाजार बंद होताच रद्द होते, आणि निकाल आले बाजार बंद झाल्यावर. सकाळी नव्याने लावायचा, तर भाव उघडलाच १८ ला. ३० आणि १८ च्या मध्ये व्यवहार झालेच नाहीत, तर स्टॉप लॉस पकडणार काय? शिवाय ऑप्शनमध्ये बाजारभावाने सुटणारा स्टॉप लॉस एनएसईने २०२१ मध्येच बंद केला. लिमिटसह लावावा लागतो, आणि भाव लिमिटच्या खाली उघडला तर ऑर्डर तशीच लटकून राहते. रात्रभर धरायच्या कॉलमध्ये तोट्याची मर्यादा एकच असते, ती म्हणजे घेताना मोजलेले पैसे. १२,००० पूर्ण गेले तरी चालतील का, हा प्रश्न खरेदीआधी विचारायचा.

मला पहिल्या लॉटपेक्षा दुसऱ्या लॉटची जास्त काळजी वाटली. पहिला लॉट अज्ञानातून घेतलेला होता, आणि अज्ञान एका फोनमध्ये दूर होतं. दुसऱ्या लॉटचं कारण त्याने लिहिलं होतं, "स्वस्त मिळतोय". शेअर घेणाऱ्याची ही सवय ऑप्शनमध्ये तशीच्या तशी येते. चांगला शेअर पडला की आणखी घ्यायचा आणि थांबायचं. पण शेअरला एक्सपायरी नसते. २८ ऑक्टोबरला हा कॉल संपणार होता, आणि शेअर १,५५० च्या खाली राहिला तर त्याची किंमत शून्य होती. सरासरी २४ वर आली, म्हणजे एक्सपायरीला नफ्यात यायला शेअर १,५७४ च्या वर हवा. ज्या बातमीसाठी ट्रेड घेतला ती तर येऊन गेली होती. मग आता शेअर आणखी तीन टक्के कशाने चढणार? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी विचारलं, "पहिला लॉट तुझ्याकडे नसता, तर त्या सकाळी १८ रुपयांना हा कॉल घेतला असतास का?" तो लगेच म्हणाला, "नाही." दुसऱ्या लॉटचं परीक्षण तिथेच संपलं.

पुढचे दिवसही त्याच्या विरुद्धच होते. शनिवार-रविवार, मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फक्त तासाभराचं मुहूर्त ट्रेडिंग, पाडव्याला सुट्टी. बाजार बंद असला तरी एक्सपायरी जवळ येतच राहते. २४ तारखेला त्याने विकलं ते मात्र मला पटलं. चार दिवस उरले होते, शेअर स्ट्राइकपासून २५ रुपये खाली होता आणि घटत जाणाऱ्या साडेपाच रुपयांसाठी थांबण्यात अर्थ नव्हता. त्याला एक गोष्ट माहीतच नव्हती: शेअरच्या ऑप्शनमध्ये डिलिव्हरी असते. एक्सपायरीला शेअर १,५५० च्या वर गेला असता तर दोन लॉटचे ८०० शेअर घ्यायला १२ लाख ४० हजार लागले असते, आणि त्यासाठीचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, शेवटच्या काही दिवसांत आधीच मागायला सुरुवात होते. काही हजारांचा ट्रेड म्हणून बसलेल्या माणसाला असा संदेश मोबाइलवर आला की घाम फुटतो.

मग त्याने विचारलं, "शेअर वर जाणार असं खरंच वाटत असेल, तर निकालाच्या दिवशी करायचं काय?" काहीही न करणं हा एक पर्याय आहे, आणि नवख्याला मी तोच सांगते. पण त्याला आकड्यांत उत्तर हवं होतं. त्या दुपारी १,६०० चा कॉल १६ ला होता. १,५५० चा घेऊन १,६०० चा विकला असता, तर खर्च १४ रुपये. दुसऱ्या दिवशी १,५५० चा १८ झाला, तसा १,६०० चा ५ झाला, म्हणजे दोन्हींतला फरक १३. प्रत्येक शेअरमागे एक रुपया, लॉटमागे ४०० रुपये तोटा. महाग आयव्ही एका हाताने विकत घेतला आणि दुसऱ्या हाताने विकला, म्हणून तो उतरल्याचा फटका बराचसा कटला. याची किंमतही आहे. शेअर कितीही उडाला तरी नफा ३६ रुपयांवर अडतो, विकलेल्या कॉलसाठी मार्जिन ठेवावं लागतं, आणि लांबच्या स्ट्राइकला घेणारे-विकणारे कमी असले तर दोन्ही बाजूंच्या भावातल्या अंतरातच दोन-तीन रुपये जातात.

यावर त्याचं डोकं भलतीकडे धावलं. "ताई, आयव्ही दर वेळी असा पडतो, तर मग निकालाच्या आधी कॉल आणि पुट दोन्ही विकूनच टाकू का?"

हाही प्रश्न नेहमीचा, आणि पहिल्या तोट्यानंतर लगेच येणारा. त्या दुपारी १,५०० चा कॉल आणि पुट मिळून साधारण ९८ रुपये येत होते. शेअर दोन टक्के हलला, त्यामुळे विकणाऱ्याने कमावलं, हे खरं. पण निकालाला शेअर दहा टक्के उडणं काही नवलाचं नाही. १,६५० ला उघडला असता तर ९८ ला विकलेली जोडी दीडशेच्या वर उघडली असती. एका लॉटवर वीस हजारांच्या वर तोटा, तोही झोपेत. त्याच्या सगळ्या ट्रेडमध्ये गेले त्याहून जास्त. आणि मार्जिन म्हणून लाखाच्या वर अडकलेले ते वेगळेच.

त्याने पुढच्या तिमाहीत त्याच कंपनीत पैसे न घालता फक्त तीन गोष्टी लिहून ठेवायच्या असं ठरलं: निकाल येण्याआधीच्या दुपारी दोन्ही एक्सपायरींचा आयव्ही, जवळच्या कॉल-पुटच्या जोडीचा भाव, आणि दुसऱ्या सकाळी शेअर प्रत्यक्षात किती हलला. तो म्हणाला, एका कंपनीने काय कळणार, पाच कंपन्यांचे लिहितो. मी म्हटलं, लिही, आणि मला पाठव.