C6 मधला सहा आणि I6 मधला सहा

"लीड शीटवर C6 दिसतं, हार्मनीच्या पुस्तकात I6. गाणं C मेजरमध्ये असेल तर I म्हणजे C च, आणि सहा तर दोन्हीकडे आहे. मग हे एकच ना? मी लीड शीटवरचं F6 विश्लेषणात IV6 असं लिहिलं, ते चूक का धरलं?"

एकच नाही. आकडा तोच असला तरी तो मोजायचा कुठून, हे दोन्हीकडे वेगळं आहे.

लीड शीटवरचा आकडा कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजतात. C पासून सहावा स्वर A, म्हणून C6 म्हणजे C-E-G-A. नेहमीच्या तीन स्वरांत चौथ्याची भर पडली. I6 मध्ये असं काही वाढत नाही. तिथे स्वर C-E-G एवढे तीनच आहेत, फक्त E सगळ्यात खाली आहे. त्या खालच्या E पासून वर मोजलं की C सहावा येतो, तोच हा सहा. लीड शीटवर हीच कॉर्ड C/E अशी लिहितात.

याचं कारण असं की रोमन आकड्यांची पद्धत दोन वेगळ्या गोष्टी जोडून झाली आहे. I, IV, V हे कॉर्डचा मूळ स्वर सप्तकातला कितवा ते सांगतात. शेजारचे बारीक आकडे मात्र त्याहून जुन्या फिगर्ड बेसमधून आले. तिथे वादकासमोर फक्त बेसची ओळ असायची आणि तिच्यावर किती अंतरावरचे स्वर वाजवायचे याचे आकडे. त्या आकड्यांना मूळ स्वराशी देणंघेणं नव्हतं, आजही नाही. लीड शीटने हे काम वाटून घेतलं: आकडा मूळ स्वराचा, बेस तिरक्या रेघेनंतर.

आता तुमचं F6. समजा लीड शीटवर ही ओळ आहे:

```
C   C/E   F6   G7   C
```

बेस C-E-F-G असा वर चढतो आणि शेवटी C वर घरी येतो. F6 म्हणजे F-A-C-D, तळाशी F. तुम्ही IV6 लिहिलंत, म्हणजे F-A-C, तळाशी A. D गेला आणि बेसची ओळ C-E-A-G-C झाली. पियानोवर डाव्या हाताने नुसत्या या दोन ओळी वाजवून पाहा. चढत्या ओळीच्या मधेच A वर उडी पडते, ती लगेच कानाला खटकते.

मग F-A-C-D ला रोमनमध्ये काय म्हणायचं? हेच चार स्वर D-F-A-C असे मांडले तर Dm7 होतो. बेसमध्ये F असलेला Dm7 म्हणजे Dm7/F, आणि त्याचं रोमन नाव ii65: खालच्या F पासून D सहावा, C पाचवा. म्हणजे F6 आणि Dm7/F हे स्वरांच्या हिशेबाने एकच आहेत. कोणतं नाव द्यायचं ते पुढची कॉर्ड पाहून ठरतं. इथे पुढे G7 आहे. D जागेवर थांबतो, C उतरून B वर जातो. सातव्या स्वराने एक पायरी खाली यावं ही सेव्हन्थ कॉर्डची सवय, आणि C हा D चा सातवा. म्हणून मी इथे ii65 लिहीन. पण F6 नंतर थेट C आला असता, C जागेवर राहिला असता आणि D चढून E वर गेला असता, तर D हा F वर टाकलेला जादा स्वर ठरला असता. तेव्हा 'IV, सहावा जोडून' म्हणणंच सरळ. हा दुहेरी अर्थ अठराव्या शतकात फ्रेंच संगीतकार रामो यानेच दाखवून ठेवला आहे, त्यामुळे तुमच्या गोंधळाला वंशावळ चांगली आहे!

लीड शीट लिहिणाऱ्याला यातलं काही ठरवावं लागत नाही. गिटारवाल्याला F6 पटकन वाचता येतं, म्हणून तो तेच लिहितो. ती वादकाला दिलेली सूचना आहे. ii65 हे विश्लेषकाचं मत आहे, आणि त्यासाठी आधी गाण्याची की ठाऊक असावी लागते.

सातच्या बाबतीतही असाच फास आहे. लीड शीटवरच्या C7 मध्ये B फ्लॅट असतो. अभिजात पद्धतीत C मेजरमधल्या I7 मध्ये मात्र साधा B, म्हणजे लीड शीटचा Cmaj7. C मेजरच्या गाण्यात C7 आला आणि पुढे F आला, तर रोमनमध्ये V7/IV लिहितात. इथल्या तिरक्या रेघेचा बेसशी संबंध नाही. 'IV चा V7' एवढाच तिचा अर्थ. जॅझच्या काही पुस्तकांत मात्र रोमन आकड्यापुढचा सात लीड शीटसारखाच वाचतात, तेव्हा पुस्तकाच्या सुरुवातीचं चिन्हांचं पान आधी बघून घ्या.

आणि नॅशव्हिलच्या आकड्यांमध्ये, म्हणजे कॉर्डच्या नावाऐवजी नुसता आकडा लिहायच्या पद्धतीत, 6 दिसला, तर तो यातला कुठलाच नाही. तो सहाव्या स्वरावरची अख्खी कॉर्ड सांगतो, C मेजरमध्ये A ची.