वेटिंग, आरएसी आणि ते टक्के: स्क्रीनवर नक्की काय वाचायचं

प्रश्न: नागपूरहून मुंबईला जायचंय, ३ आठवडे आहेत, आम्ही चौघं (आईला गुडघ्याचा त्रास). विदर्भ स्लीपरला GNWL97/WL42 दाखवतंय, गीतांजली थर्ड एसीला RLWL20/WL12 आणि सेवाग्राम स्लीपरला RAC 31/RAC 18. नंबर सगळ्यात कमी गीतांजलीचा आहे आणि घरचे म्हणतात एसीच घे. अ‍ॅपवर विदर्भला ६८ टक्के चान्स दाखवतोय. काय घेऊ?

उत्तर:

सेवाग्राम घ्या. आणि गीतांजलीचा १२ बघून फसू नका, तुमच्या तिन्हीमधला सगळ्यात कच्चा आकडा तोच आहे. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी ते दोन आकडे. GNWL97/WL42 मधला ९७ म्हणजे आत्ता बुक केलंत तर तुम्हाला मिळणारा वेटिंगचा अनुक्रमांक, बुकिंग उघडल्यापासून मोजत आलेला. तो पुढे बदलत नाही, पीएनआर स्टेटसमध्ये Booking Status खाली तोच कायम दिसतो, आणि बरेच लोक तोच बघत बसतात आणि म्हणतात हलतच नाहीये. हलतो तो दुसरा, ४२, तो तुमचा आजचा रांगेतला नंबर, पीएनआरवर Current Status खाली. दोघांमधला फरक ५५, म्हणजे तुमच्या आधी ज्यांनी वेटिंग घेतलं त्यातले ५५ जण रांगेतून गेलेत, काही वर सरकून आरएसी, म्हणजे दोघांत एक बर्थ, किंवा कन्फर्म झाले आणि काहींनी वैतागून स्वतःच कॅन्सल केलं. हा फरक बघायची सवय लावा, रांग हलतेय की नुसती वाढतेय ते त्यातून कळतं. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० होते), म्हणजे साधारण पाच-सहा आठवड्यांत ५५ हलले. कॅन्सलेशनचा खरा जोर शेवटच्या काही दिवसांत असतो त्यामुळे पुढचे ३ आठवडे याच वेगाने जातील असं नाही, जरा बरे जातील.

आता नंबरापुढची अक्षरं, खरी गोष्ट तिथेच आहे. वेटिंगची एकच रांग नसते. GNWL म्हणजे जनरल वेटिंग, ही गाडी जिथून सुटते तिथून किंवा त्याच्या आसपासहून लांबवर जाणाऱ्यांची रांग, गाडीतल्या बहुतेक जागा याच रांगेच्या समोर असतात. RLWL म्हणजे मधल्या एखाद्या मोठ्या स्टेशनाला दिलेला वेगळा छोटा कोटा आणि त्याची वेगळी रांग. गीतांजली हावड्याहून येते, नागपूर तिच्यासाठी मधलं स्टेशन. हावडा ते मुंबई जाणाऱ्या कोणी तिकीट रद्द केलं तर ती जागा आधी त्यांच्याच जनरल रांगेला जाते, तुमच्या नागपूरच्या रांगेला त्याचा थेट फायदा नाही. तुमची रांग हलते ती मुख्यतः नागपूरच्या कोट्यातल्याच कोणी रद्द केलं तर. PQWL म्हणून अजून एक दिसतं, मधल्या छोट्या स्टेशनांना मिळून एक कोटा, ते बहुधा RLWL पेक्षाही अवघड. आणि तत्कालचं TQWL तर शेवटचा उपाय म्हणूनही घेऊ नका, त्याला आरएसी नसतं आणि चार्टच्या वेळी आधी जनरल वेटिंगचा नंबर लागतो.

म्हणून नुसता "वेटिंग १२" याला काही अर्थ नाही, १२ कशापैकी हे विचारायचं. समजा त्या क्लासला नागपूरचा कोटा ३० जागांचा आहे (हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय, गाडीगाडीला वेगळा असतो). तुम्ही चौघं म्हणजे १२ ते १५. शेवटच्या माणसाला बर्थ मिळायला १५ जणांनी रांग सोडायला हवी, त्यातले थोडे तुमच्या पुढचे वेटिंगवालेच असतील पण बाकी ३० कन्फर्म लोकांमधूनच यायचे. लग्नसराई, सुट्टी नसेल तर इतके लोक का रद्द करतील? तुमचाच फरक बघा, २० मधून १२ गेले, इतक्या आठवड्यांत फक्त ८ हलले.

आता विदर्भ. समजा स्लीपरचे ५ डबे आणि एका डब्यात ८० बर्थ (नव्या एलएचबी डब्यात ८०, जुन्यात ७२), एकूण ४००. यातला काही भाग तत्काल, लेडीज, सीनियर सिटिझन, इमर्जन्सी कोटा वगैरेत जातो पण तूर्त ४०० च धरू. इथे लोक एक गोष्ट विसरतात, वेटिंगच्या पुढे आरएसीची रांग उभी असते. स्लीपरच्या एका डब्यात ७ साइड लोअर आरएसीला ठेवतात, प्रत्येकावर दोन माणसं, म्हणजे डब्याला १४ आणि ५ डब्यांना ७०. वेटिंग १ वरचा माणूस आधी आरएसीच्या शेपटाला जाऊन लागतो, आणि सगळी आरएसी रांग संपली की मग कुठे पूर्ण बर्थ. तुमचा शेवटचा माणूस ४५ वर. त्याला आरएसी मिळायला ४५ हलायला हवेत. पूर्ण बर्थ मिळायला ४५ अधिक ७० म्हणजे ११५ हलायला हवेत, ४०० पैकी. पाव गाडीपेक्षा जास्त. यात वेटिंगवाले आणि आरएसीवाले स्वतःहून रद्द करतात तेही मोजायचे, म्हणून अगदीच अशक्य नाही. पण "विदर्भला आरएसी मिळेल" हे म्हणता येईल आणि "विदर्भला बर्थ मिळेल" हे म्हणता येणार नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

सेवाग्राममध्ये तुम्ही आरएसीच्या १८ वर आहात, म्हणजे १८ ते २१. तुमच्या शेवटच्या माणसाला पूर्ण बर्थ मिळायला २१ जागा हलायला हव्यात, ११५ नाही. गाडी नागपूरहूनच सुटते म्हणजे रांग जनरल, आणि ३ आठवडे हातात. आणि समजा काहीच हललं नाही, तरी आरएसीचं तिकीट आहे, गाडीत चढता येतं. हेच सगळ्यात महत्त्वाचं. वेटिंगच्या ई-तिकिटाला चार्ट झाल्यावरही सगळी नावं वेटिंगलाच राहिली तर तिकीट आपोआप रद्द होतं, माणशी ६० रुपये कापून (एसीला वर जीएसटी) पैसे परत येतात, आणि त्या तिकिटावर स्लीपर किंवा एसीत चढता येत नाही. काउंटरचं वेटिंग तिकीट असेल तर ते आपोआप रद्द होत नाही पण त्यावरही फक्त जनरल डब्यात, आरक्षित डब्यात बसलात तर दंड किंवा खाली उतरवणार.

आता तुमचे ६८ टक्के. आयआरसीटीसीवर CNF Probability म्हणून २०१८ पासून येतं, आणि खाजगी अ‍ॅप्सवर आपापले टक्के असतात. हे सगळं मागच्या बुकिंगचा डेटा बघून काढलेलं असतं, म्हणजे "अशा नंबरची, इतके दिवस आधीची तिकिटं पूर्वी किती वेळा झाली". तुमच्या तारखेला काही वेगळं आहे, परीक्षा आहे, जोडून सुट्टी आली, जादा डबा लागला किंवा उलट एखादा डबा कमी झाला, ते त्यात येईलच असं नाही. दुसरं म्हणजे आरएसी झालं ते त्यांनी "झालं" मध्ये धरलंय की नाही ते बघा, वरचा ४५ आणि ११५ चा फरक आठवा, एकाच तिकिटाचा टक्का त्यावरून पार बदलेल. आणि तिसरं, ६८ टक्के म्हणजे चौघांपैकी जवळजवळ तिघांना मिळेल असं नाही हो! चौघांचे नंबर लागोपाठ आहेत, बहुतेक वेळा सगळे पार होतात किंवा सगळे अडकतात, मधोमध अडकलात तर दोघांना जागा आणि दोघं वेटिंगवर असं विचित्र होतं. पुष्कळ अ‍ॅप्सवर टक्का पहिल्या नंबरावरून दिसतो, कुटुंबाने शेवटचा नंबर धरून बघावं.

चार्टच्या वेळी एकदम उडी मारते म्हणतात ते खरं आहे, कारण आहे त्याला. इमर्जन्सी कोट्यातल्या, ज्याला आपण व्हीआयपी कोटा म्हणतो, आणि बाकी राखीव ठेवलेल्या न वापरलेल्या जागा तेव्हा रांगेला सोडतात. त्यामुळे आदल्या दिवशी जनरल वेटिंग एक आकडी असेल तर मी घाबरत नाही. पण ती उडी गाडीप्रमाणे चार-दहा जागांची असते, वेटिंग ४० ला ती वाचवत नाही. पहिला चार्ट पूर्वी ४ तास आधी व्हायचा, २०२५ पासून तो त्याच्याही बराच आधी होतो, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या संध्याकाळी-रात्रीच होतो, म्हणजे झालं नाही तर पर्याय शोधायला वेळ तरी मिळतो. दुसरा चार्ट सुटायच्या अर्धा तास आधी.

आरएसी राहिलंच तर काय होतं तेही सांगतो कारण आईचा प्रश्न आहे. चार्टनंतर आरएसीसोबत S4 23 असं काही दिसेल. ७, १५, २३, ३१ असे नंबर म्हणजे साइड लोअर, तिथे दोघांनी बसायचं, आणि भाडं पूर्णच लागलेलं असतं. चौघांना दोन साइड लोअर मिळाल्या तर निदान अनोळखी माणसाशी वाटून घ्यावी लागत नाही, एकीवर आईला झोपवून बाकी तिघं जमवून घेऊ शकतात. शिवाय कोणी आलंच नाही तर टीटीईने ती जागा आधी आरएसीवाल्यांना द्यायची असते, तो गाडीत आला की स्वतः जाऊन विचारा, जागेवर बसून वाट बघू नका. आणि साइड लोअर मिळाली तर गुडघ्याच्या माणसाला वर चढायची कटकट नाही, पूर्ण बर्थ कन्फर्म झाला आणि अप्पर आला तर तो त्रास जास्त, तेव्हा कोणाशी तरी बदलून घ्यावं लागेल.

घरचे एसीवर अडूनच बसले असतील तर गीतांजली सोडा आणि सेवाग्राम किंवा विदर्भ याच गाड्यांचं थर्ड एसी बघा, तिथे GNWL आहे का आणि फरक किती आहे ते बघून ठरवा. दोन्हीकडे पैसे अडकवायचे असतील तर सेवाग्रामचं आरएसी आत्ताच घ्या, आणि नको झालं तर आरएसी तिकीट गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करता येतं, माणशी ६० च जातात. त्यानंतर मात्र काही मिळत नाही. बुक करताना विकल्पचा चौकोन टिक करायच्या आधी जरा विचार करा, त्यात दुसऱ्या गाडीत जागा दिली जाऊ शकते आणि आई सोबत असताना वेगळ्या वेळेची गाडी चालेल का ते तुम्हीच बघा.