भेटीनंतर चिनी खरेदीदाराला आभाराची ईमेल

प्रश्न: चीनहून आलेले खरेदीदार कारखाना पाहून गेले. नमुने आणि पुढचे टप्पे पक्के करणारी आभाराची ईमेल चिनी भाषेत कशी लिहावी?

आभार एकाच वाक्यात मानावेत आणि उरलेली ईमेल नमुन्यांना द्यावी. चिनी व्यापारी पत्रव्यवहाराचे काम करताना मला दिसले आहे की, भेटीत तोंडी ठरलेल्या गोष्टींची पहिली लेखी नोंद हीच ईमेल ठरते. संबोधन आडनाव आणि हुद्दा असे असावे, उदाहरणार्थ 尊敬的王经理, म्हणजे आदरणीय व्यवस्थापक वांग. त्यानंतर 感谢您百忙之中莅临我司, म्हणजे व्यग्रतेतून वेळ काढून आमच्या कंपनीत आल्याबद्दल आभार. मग मुख्य वाक्य:

样品A、B各2件,将于5月20日前寄出。如有出入,请指正。

अर्थात अ आणि ब नमुन्यांचे प्रत्येकी 2 नग 20 मेपूर्वी पाठवू. काही तफावत असल्यास कृपया दुरुस्त करावी. येथे 尽快, म्हणजे ‘शक्य तितक्या लवकर’, लिहू नये, कारण त्यातून कोणतीही तारीख बांधली जात नाही. कुरियरचा खर्च कोणाचा आणि नमुन्यांवरील अभिप्राय कधीपर्यंत हवा, हेही लगेच पुढे लिहावे. शेवटी 顺祝商祺 ही व्यापारातील रूढ शुभेच्छा पुरते. मात्र खरेदीदार तैवानचे असल्यास हाच मजकूर पारंपरिक चिनी अक्षरांत पाठवावा.